हिस्टॉरिकल की पॅरामेट्रिक? शेअर पोर्टफोलिओच्या व्हॅल्यू ॲट रिस्कबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हॅल्यू ॲट रिस्क (पुढे नुसतं व्हार म्हणूया) काढायच्या या दोन पद्धतींबद्दल तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून ते एकत्र केलेत. सगळीकडे एकच पोर्टफोलिओ वापरलाय: एकूण १० लाख, त्यातले ६ लाख अ शेअरमध्ये आणि ४ लाख ब मध्ये. चलन कुठलंही धरा. आकडे समजावण्यासाठी बनवलेले आहेत, पण त्यांची ठेवण खऱ्या शेअर डेटात दिसते तशीच ठेवलीय. थेट मधलाच एखादा प्रश्न वाचायचा असेल तर वाचा, मागचं जिथे लागेल तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. व्हार नक्की काय सांगतो? "जास्तीत जास्त तोटा" हाच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एका दिवसाचा ९९ टक्के व्हार ३८,६०० आहे याचा अर्थ एवढाच की पोर्टफोलिओ आहे तसाच ठेवला तर साधारण शंभरातल्या ९९ दिवशी तोटा ३८,६०० पेक्षा कमी राहील (किंवा फायदा होईल) आणि उरलेल्या एका दिवशी त्याहून जास्त होईल. त्या एका दिवशी ३९ हजार जातील की दीड लाख, यावर व्हार काहीच बोलत नाही. तो तोट्याची सीमा दाखवतो, सीमेपलीकडे किती खोल खड्डा आहे ते नाही. त्यासाठी प्रश्न १४ बघा.

म्हणून व्हार सांगताना तीन गोष्टी सोबत लागतातच: किती दिवसांचा, किती टक्क्यांचा आणि कुठल्या पद्धतीने काढलेला. यातलं एक जरी गाळलं तरी दोन लोकांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

२. दोन पद्धतींत मुळातला फरक काय?

दोघींनाही एकच गोष्ट हवी असते, उद्याच्या नफ्या-तोट्याचं वितरण, आणि त्याच्या डावीकडच्या शेपटीतला एक बिंदू. फरक एवढाच की ती शेपटी कुठून आणायची.

पॅरामेट्रिकमध्ये तुम्ही आधीच ठरवता की रिटर्न नॉर्मल वितरणाने येतात, मग डेटाकडून फक्त सिग्मा म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन आणि कोरिलेशन घेता, शेपटीचा आकार सूत्रातून येतो. हिस्टॉरिकल सिम्युलेशनमध्ये आकाराबद्दल काहीच गृहीत धरत नाही, मागचे ५०० दिवस जसे घडले तसे आजच्या पोर्टफोलिओवर घडवून बघायचे आणि सगळ्यात वाईट दिवसांच्या यादीत वरून मोजायचं. तिथेही एक गृहीतक आहेच, उद्याचा दिवस याच ५०० मधला एखादा असणार आणि प्रत्येकाची शक्यता सारखी, पण ते सूत्रात लिहिलेलं नसल्यामुळे लोकांच्या लक्षात येत नाही.

३. पॅरामेट्रिक व्हार हाताने कसा काढायचा? एकदा सगळ्या पायऱ्या दाखवा.

समजा ५०० दिवसांच्या डेटावरून अ चा रोजचा सिग्मा १.५ टक्के आला, ब चा २ टक्के, आणि दोघांचं कोरिलेशन ०.४.

आधी टक्के रकमेत बदलून घ्या, पुढे सोपं जातं. अ चा सिग्मा ६ लाखांवर ९,००० होतो, ब चा ४ लाखांवर ८,०००. आता हे दोन नुसते मिळवायचे नाहीत कारण दोन्ही शेअर रोज एकत्रच पडत नाहीत, म्हणून वर्ग करून मिळवायचे आणि कोरिलेशनचं पद जोडायचं:

```
9000^2 + 8000^2 + 2 * 0.4 * 9000 * 8000 = 202600000
sqrt(202600000) = 14234
```

पोर्टफोलिओचा एका दिवसाचा सिग्मा झाला १४,२३४ म्हणजे १.४२ टक्के. नॉर्मल वितरणात ९५ टक्क्यांसाठी १.६४५ ने गुणायचं आणि ९९ साठी २.३२६ ने. म्हणून ९५ टक्के व्हार २३,४१५ आणि ९९ टक्के व्हार ३३,१०८.

सरासरी रिटर्न कुठे गेला असं बरेच जण विचारतात. एका दिवसासाठी तो शून्य धरतात. समजा खरा सरासरी रिटर्न रोज ०.०५ टक्के असेल, तर ५०० दिवसांवरून तो मोजण्यातली चूकच ०.०६ टक्क्यांच्या वर जाते (१.४२ भागिले ५०० चं वर्गमूळ). मोजमापापेक्षा चूक मोठी असेल तर ते मोजमाप न घेतलेलं बरं.

४. आणि हिस्टॉरिकल?

५०० रिटर्नसाठी ५०१ दिवसांचे बंद भाव लागतात. प्रत्येक दिवसाचा अ आणि ब चा टक्केवारीतला बदल काढा आणि तो आजच्या ६ लाख आणि ४ लाखांवर लावा. "आजच्या" हा शब्द महत्त्वाचा आहे. त्या दिवशी तुमच्याकडे काय होतं याच्याशी देणंघेणं नाही, कित्येक जण इथे आपल्या खात्यातला जुना खराखुरा नफा-तोटा घेतात आणि मग व्हार अशा पोर्टफोलिओचा निघतो जो आज अस्तित्वातच नाही.

असे ५०० नफा-तोटे मिळाले की सगळ्यात वाईटापासून लावायचे. आपल्या उदाहरणात यादीचं वरचं टोक असं दिसतं:

| क्रम | अ | ब | पोर्टफोलिओ |
|---|---|---|---|
| १ | -५.०% | -६.५% | -५६,००० |
| २ | -४.२% | -५.६% | -४७,६०० |
| ३ | -३.१% | -६.३% | -४३,८०० |
| ४ | -४.६% | -३.४% | -४१,२०० |
| ५ | -३.५% | -४.४% | -३८,६०० |
| ६ | -३.३% | -४.०% | -३५,८०० |

पाचव्या ओळीचा हिशोब करून बघा: ६ लाखांचे ३.५ टक्के २१,००० आणि ४ लाखांचे ४.४ टक्के १७,६००, मिळून ३८,६००. पाचशेचा एक टक्का म्हणजे ५, म्हणून ९९ टक्के व्हार पाचव्या क्रमांकाचा, ३८,६००. पाच टक्के म्हणजे २५, आणि पंचविसाव्या क्रमांकावर आपल्याकडे अ -१.९ टक्के, ब -२.५ टक्के असा दिवस आहे, तोटा २१,४००. तो झाला ९५ टक्के व्हार.

सिग्मा नाही, कोरिलेशन नाही, गुणक नाही. अ आणि ब त्या त्या दिवशी जसे एकत्र हलले तसेच आत आले.

५. माझ्याकडे ९५ टक्क्यांना पॅरामेट्रिक मोठा येतो आणि ९९ ला हिस्टॉरिकल. गणितात चूक आहे का?

बहुतेक नाही. वरच्या उदाहरणातही तेच झालंय: ९५ ला पॅरामेट्रिक २३,४१५ आणि हिस्टॉरिकल २१,४००, पण ९९ ला पॅरामेट्रिक ३३,१०८ आणि हिस्टॉरिकल ३८,६००. शेअरच्या रोजच्या रिटर्नमध्ये असं होणं अगदी नेहमीचं आहे आणि माझ्या मते दोन पद्धतींबद्दल एकच गोष्ट समजून घ्यायची असेल तर ती हीच.

कारण असं. शेअरचे रिटर्न नॉर्मलपेक्षा मधे जास्त टोकदार आणि टोकांना जास्त जाड असतात, म्हणजे शांत दिवस पुष्कळ, भयानक दिवस अपेक्षेपेक्षा जास्त, आणि मधल्या दर्जाचे वाईट दिवस त्यामानाने कमी. आता सिग्मा कसा बनतो ते बघा, त्यात रिटर्नचा वर्ग होतो त्यामुळे ते थोडे भयानक दिवस सिग्मा चांगलाच फुगवतात. हा फुगलेला सिग्मा नॉर्मल सूत्रात घातला की सूत्र तो ताण सगळीकडे समान पसरवतं, परिणामी ९५ च्या आसपास, जिथे प्रत्यक्षात तेवढे वाईट दिवस नसतात, तिथे व्हार गरजेपेक्षा मोठा दिसतो, आणि ९९ किंवा त्याच्या पुढे, जिथे ते भयानक दिवस खरोखर राहतात, तिथे कमी पडतो. दोन्ही वक्र मधे कुठेतरी एकमेकांना छेदतात.

टोक किती जाड असू शकतं याचं एक टोकाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, १९ ऑक्टोबर १९८७ ला डाऊ जोन्स एका दिवसात २२.६ टक्के पडला. रोजचा सिग्मा एक टक्क्याच्या आसपास धरला तर तो वीस सिग्माहून मोठा दिवस होतो, आणि नॉर्मल वितरण खरं असतं तर विश्वाच्या वयातही असा दिवस आला नसता.

म्हणून "पॅरामेट्रिक नेहमी धोका कमी दाखवतो" हे वाक्य कुणी म्हटलं तर लगेच विचारा, किती टक्क्यांना?

६. फरक जाड शेपटीमुळे आहे की कोरिलेशनमुळे, हे कसं ओळखायचं?

चांगला प्रश्न, कारण दोन्हीचा परिणाम एकाच आकड्यात मिसळतो. पॅरामेट्रिक पद्धत पूर्ण काळाचं सरासरी कोरिलेशन घेते, आपल्याकडे ०.४. पण पडझडीच्या दिवशी शेअर जास्त एकजुटीने पडतात. तेच सिग्मा ठेवून कोरिलेशन ०.८ केलं तर पोर्टफोलिओचा सिग्मा १६,१३१ होतो आणि ९९ टक्के व्हार ३७,५२०, म्हणजे नुसत्या कोरिलेशनने ३३,१०८ वरून हिस्टॉरिकलच्या ३८,६०० च्या जवळ पोहोचलो. याचा अर्थ फरकाचं कारण कोरिलेशनच आहे असा मात्र नाही, तसं असू शकतं एवढंच.

ओळखायची सोपी युक्ती: अ आणि ब चा व्हार वेगवेगळा, दोन्ही पद्धतींनी काढा. एका शेअरमध्ये कोरिलेशनचा प्रश्नच येत नाही. तिथेही हिस्टॉरिकल तेवढ्याच प्रमाणात मोठा निघाला तर जाड शेपटी आहे. एकेकट्यात दोन्ही जवळपास जुळतात आणि एकत्र केल्यावर फाटतात, तर कोरिलेशन. खऱ्या डेटात थोडं हे थोडं ते असंच निघतं.

७. तुम्ही ३८,६०० म्हणता, माझं एक्सेल ३५,८२८ दाखवतंय. डेटा तोच आहे. मग?

हा प्रश्न फार येतो. तुम्ही `PERCENTILE` किंवा `PERCENTILE.INC` वापरलंय. ते फंक्शन १ टक्क्याची जागा ०.०१ × ४९९ + १ = ५.९९ अशी मोजतं, म्हणजे पाचव्या आणि सहाव्या दिवसाच्या मधे, पण जवळजवळ सहाव्यावरच. ३८,६०० मधून २,८०० चे ९९ टक्के वजा करा, ३५,८२८. त्याच डेटावर `PERCENTILE.EXC` जागा ५.०१ धरतं आणि ३८,५७२ देतं. पायथॉनमधलं `np.percentile` काही न सांगता वापरलं तर पहिल्यासारखंच वागतं.

तिन्ही उत्तरांना संख्याशास्त्रात जागा आहे, कुठलंच चूक नाही. पण व्हारमध्ये मी थेट पाचवा दिवस घ्यावा या मताची आहे, कारण तो खरोखर घडलेला दिवस असतो आणि कुणी विचारलं की हा आकडा कुठून आला तर तारीख दाखवता येते:

```python
import numpy as np
V = np.array([600000, 400000])
pnl = R @ V
hs99 = -np.sort(pnl)[4]
par99 = 2.326 * np.sqrt(V @ np.cov(R.T) @ V)
```

इथे `R` म्हणजे ५०० ओळी आणि २ स्तंभांचं रिटर्नचं टेबल, टक्क्यांत नव्हे तर दशांशात, आणि `[4]` म्हणजे पाचवा कारण मोजणी शून्यापासून. ९५ टक्क्यांना हा वाद उरत नाही, पंचविसावा २१,४०० आणि सव्विसावा २१,१०० असे जवळजवळ बसलेले असतात. शेपटीत जसजसं पुढे जाल तसे दिवस विरळ होतात आणि मोजायची रीत बदलली की आकडा हलतो.

८. मग हिस्टॉरिकलचा ९९ टक्के आकडा कितपत भरवशाचा? किती दिवस घ्यावेत?

दिसतो तेवढा नाही. ५०० दिवसांत खऱ्या ९९ टक्के सीमेपलीकडे सरासरी ५ दिवस पडतात, पण नशिबाने २ पडतील किंवा ९ सुद्धा. दिवस एकमेकांपासून स्वतंत्र धरले तर हिशोब असा येतो की खरी सीमा साधारण ९३ टक्के खात्रीने यादीतल्या दुसऱ्या आणि दहाव्या दिवसाच्या मधे कुठेतरी आहे. आपल्या यादीत दहावा दिवस ३०,२०० चा आहे, म्हणजे पट्टा ३०,२०० ते ४७,६००. आता बघा, पॅरामेट्रिकचा ३३,१०८ याच पट्ट्यात बसतो! म्हणजे फक्त या ५०० दिवसांच्या जोरावर "पॅरामेट्रिक चुकलाय" असं ठामपणे म्हणता येत नाही, प्रश्न ५ मधलं कारण शेअरबद्दलच्या एकूण अनुभवातून येतं.

दिवस २५० घेतले तर ९९ टक्क्यांसाठी अडीचावा दिवस शोधावा लागतो, सगळा आकडा दोन-तीन दिवसांवर टांगलेला. १,००० घेतले तर आकडा स्थिर होतो पण त्यात चार वर्षांपूर्वीचा बाजार मिसळतो जो आजच्यासारखा असेलच असं नाही. मला ५०० च्या खाली ९९ टक्के हिस्टॉरिकल काढणं पटत नाही. डेटा तेवढाच असेल तर ९५ काढा आणि तसं स्पष्ट लिहा.

९. आज माझा पोर्टफोलिओ ३ टक्के पडला, तरी हिस्टॉरिकल ९९ टक्के व्हार जागचा हललाच नाही. बिघडलंय का काही?

बिघडलं नाही, ती पद्धतच अशी आहे. ३ टक्के म्हणजे ३०,००० चा तोटा, यादीत तो अकराव्या क्रमांकावर जाऊन बसतो, पाचवा दिवस तिथेच राहतो. ९५ टक्क्यांचा आकडा मात्र सरकतो, वरून एक दिवस घुसल्यामुळे जुना चोविसावा आता पंचविसावा होतो.

समान वजनाचा पॅरामेट्रिकही जवळजवळ झोपलेलाच असतो. यादीतून बाहेर गेलेला दिवस शांत होता असं धरलं तर सिग्मा १.४२ वरून १.४३ टक्के. जागा होतो तो घटत्या वजनाचा सिग्मा, जे. पी. मॉर्गनने १९९४ मध्ये रिस्कमेट्रिक्समधून जो सगळ्यांना वापरायला दिला. त्यात कालच्या व्हेरियन्सला ०.९४ वजन आणि आजच्या रिटर्नच्या वर्गाला ०.०६:

```
0.94 * 1.4234^2 + 0.06 * 3^2 = 2.4445
sqrt(2.4445) = 1.5635
```

एका दिवसात सिग्मा १.५६ टक्के, आणि पोर्टफोलिओ परत १० लाखांचाच धरला तर ९९ टक्के व्हार ३६,३७० च्या आसपास. पॅरामेट्रिक पद्धतीचं खरं बळ मला इथे दिसतं, शेपटीच्या आकारात ती कमजोर आहे पण बाजाराचा मूड बदलला की लगेच ओळखते.

याची दुसरी बाजूही लोक विचारतात: "बाजारात काहीच घडलं नाही आणि व्हार अचानक कमी कसा झाला?" तर यादीतला एखादा भयानक दिवस ५०१ दिवसांचा होऊन बाहेर पडला. आपला पहिल्या क्रमांकाचा दिवस ज्या दिवशी गळेल त्या दिवशी सहावा दिवस पाचवा होईल आणि व्हार ३८,६०० वरून थेट ३५,८००. असा काही कारण नसताना व्हार अचानक उतरलेला दिसला की आधी ५०० दिवसांच्या यादीतून कुठला दिवस बाहेर गेला ते बघा.

१०. दोन्हींचं चांगलं एकत्र करता येत नाही का?

येतं, आणि मी तर तेच सुचवेन. याला फिल्टर्ड हिस्टॉरिकल सिम्युलेशन म्हणतात. जॉन हल आणि ॲलन व्हाइट यांनी १९९८ मध्ये याच धर्तीची पद्धत मांडली, बारोने-अडेसी आणि सहकाऱ्यांचं कामही त्याच सुमाराचं. कल्पना सरळ आहे: जुना प्रत्येक दिवस त्या वेळच्या सिग्माने भागायचा आणि आजच्या सिग्माने गुणायचा.

समजा आजचा सिग्मा १.५ टक्के. यादीतला पहिला दिवस, ५६,००० चा, अशा काळातला आहे जेव्हा सिग्मा आधीच २.५ टक्के होता. आजच्या मापात तो ५६,००० × १.५ ÷ २.५ = ३३,६००. पण चौथा दिवस, ४१,२०० चा, शांत काळात आला जेव्हा सिग्मा १ टक्का होता. आजच्या मापात तो ६१,८००. क्रम पार उलटा झाला! आणि ते बरोबर आहे, कारण शांत बाजारात अचानक आलेला ४ टक्क्यांचा धक्का हा वादळातल्या साडेपाच टक्क्यांपेक्षा जास्त अनपेक्षित होता. सगळे ५०० दिवस असे मापून घ्या, परत क्रम लावा, पाचवा उचला. शेपटीचा आकार खऱ्या डेटातून आला आणि ताण आजचा आला.

जपायचं एवढंच की त्या दिवसाचा सिग्मा हा त्याच्या आदल्या दिवसापर्यंतच्या डेटावरूनच काढायचा. त्यात तोच दिवस मिसळला तर मोठे धक्के स्वतःलाच लहान करून घेतात आणि व्हार गुपचूप कमी येतो.

११. बोनस, स्प्लिट, नवीन लिस्ट झालेला शेअर, बंद पडलेला ट्रेडिंग... यांचं काय करायचं?

एकास एक बोनस आला आणि भाव समायोजित केलेले नसले तर डेटात एका दिवशी -५० टक्के दिसतं. हिस्टॉरिकलमध्ये तो थेट यादीत पहिला जाऊन बसतो, बाकीच्यांना एक पायरी खाली ढकलतो. आपल्याकडे ९९ टक्के व्हार तेवढ्याने ३८,६०० वरून ४१,२०० होईल, आणि हा आकडा इतका साधा दिसतो की कुणाला संशयही येणार नाही. पॅरामेट्रिकमध्ये उलट तो सिग्मा इतका फुगवतो की चूक लगेच डोळ्यात भरते. म्हणून नियम: हिस्टॉरिकल व्हार कुणाला पाठवण्याआधी वरचे दहा दिवस तारखेसकट उघडून बघा, प्रत्येक दिवशी बाजारात खरंच काही झालं होतं का ते.

ट्रेडिंग थांबलं होतं म्हणून कालचाच भाव पुढे ओढला असेल तर शून्य रिटर्नची रांग तयार होते आणि दोन्ही पद्धतींत व्हार कमी दिसतो. नवीन शेअरसाठी जुने दिवस रिकामे सोडू नका आणि शून्यही भरू नका. त्या क्षेत्राच्या इंडेक्सचा रिटर्न बीटाने, म्हणजे इंडेक्स एक टक्का हलला की शेअर सरासरी किती टक्के हलतो त्या आकड्याने, गुणून घ्या आणि वर शेअरची स्वतःची वेगळी हालचाल जोडा, ती विसरलात तर नवीन शेअर जुन्यांपेक्षा सुरक्षित दिसायला लागतो जे उघडच चुकीचं आहे.

१२. साधा रिटर्न घ्यावा की लॉग?

एका दिवसाच्या पोर्टफोलिओसाठी साधा, कारण ६०:४० च्या वजनांनी साधे रिटर्नच बरोबर मिळवता येतात. लॉग रिटर्न दिवसांवर दिवस जोडायला सोयीचे. -५ टक्के लॉग म्हणजे साधा -४.८८ टक्के, रोजच्या दिवसात फरक नगण्य, शेपटीत थोडा दिसतो.

१३. दहा दिवसांचा व्हार हवा असेल तर १० च्या वर्गमूळाने गुणलं की झालं?

३३,१०८ ला ३.१६२ ने गुणलं की साधारण १,०४,७०० येतात, आणि रिटर्न रोज स्वतंत्र आणि एकसारख्या वितरणाचे असतील तर पॅरामेट्रिकसाठी हे चालतं. हिस्टॉरिकलच्या पाचव्या दिवसाला तसंच गुणणं जास्त डळमळीत, कारण एका दिवसाच्या शेपटीचा आकार दहा दिवसांच्या बेरजेत तसाच राहत नाही. पण अस्थिर दिवस एकामागोमाग येतात त्यामुळे दोन्हीकडे हे अंदाजापुरतंच धरा. पोर्टफोलिओत ऑप्शन असतील तर तर मुळीच नको, तिथे भाव आणि तोटा यांचं नातं सरळ रेषेचं नसतं, आणि एका दिवसासाठीसुद्धा प्रत्येक जुना दिवस लावून ऑप्शनची नव्याने किंमत काढावी लागते, म्हणजे हिस्टॉरिकलच.

१४. व्हारच्या पलीकडे सरासरी किती जातं, ते कसं सांगायचं?

त्याला एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल म्हणतात. हिस्टॉरिकलमध्ये अगदी सोपं: वरच्या पाच दिवसांची सरासरी, ४५,४४०. नॉर्मल धरून सूत्राने काढला तर ९९ टक्क्यांना सिग्माच्या २.६६५ पट, म्हणजे सुमारे ३७,९३०. व्हारमधला फरक साडेपाच हजारांचा होता, इथे साडेसात हजारांचा झाला, शेपटीत जसजसं आत जाल तसं नॉर्मल गृहीतक जास्त कमी पडतं ते इथे दिसतं.

बँकांसाठी आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या बाझल कमिटीने त्यांच्या ट्रेडिंग बुकसाठी २०१६ च्या नियमांत ९९ टक्के व्हारऐवजी ९७.५ टक्के एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल आणला. हा आकडा हवेतून आलेला नाही, नॉर्मल वितरणात ९७.५ चा शॉर्टफॉल २.३३८ सिग्मा येतो आणि ९९ चा व्हार २.३२६ सिग्मा, जवळजवळ तोच. म्हणजे शेपटी नॉर्मल असेल तर काही बदलत नाही, जाड असेल तरच आकडा वाढतो.

१५. शेवटी माझ्या पोर्टफोलिओला कुठली पद्धत लागू पडते हे कसं तपासू?

बॅकटेस्ट करा. रोज संध्याकाळी फक्त तोपर्यंतच्या डेटावरून व्हार काढायचा, पोर्टफोलिओ गोठवायचा, दुसऱ्या दिवशीचा तोटा व्हारच्या पुढे गेला का ते नोंदवायचं. दिवसभरात केलेले सौदे आणि दलाली यात मिसळू नका, नाहीतर पद्धत तपासताय की तुमचं ट्रेडिंग ते कळणार नाही. ज्या डेटावरून व्हार काढला त्याच डेटावर मोजणं म्हणजे बॅकटेस्ट नव्हे, आपल्या ५०० दिवसांत ३३,१०८ च्या पुढे ७ दिवस आहेत आणि अपेक्षा ५ ची, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही.

२५० दिवसांत ९९ टक्के व्हार सरासरी अडीच वेळा ओलांडला जायला हवा. बाझलच्या पट्ट्यांत ० ते ४ हिरवा, ५ ते ९ पिवळा, १० आणि पुढे लाल. ओलांडल्याचा आकडा अपेक्षेत बसतो का ते तपासायला कुपिएकची १९९५ ची चाचणी आहे, पण मी त्याआधी तारखा बघते. चार वेळा ओलांडला आणि चारही वेळा वर्षभर विखुरलेले असतील तर ठीक. तेच चार एका पंधरवड्यात आले असतील तर हिरव्या पट्ट्यात असूनही पद्धत मंद आहे, बाजार बदलला हे तिला कळलंच नाही, आणि साध्या हिस्टॉरिकलची ही नेहमीची खूण आहे, उपाय प्रश्न १० मध्ये. उलट ओलांडलेले दिवस विखुरलेले आहेत पण प्रत्येक वेळी तोटा व्हारच्या दीडपट-दुप्पट जातोय, तर सिग्मा वेळेवर हलतोय आणि शेपटीचा आकार चुकतोय, तो पॅरामेट्रिकचा दोष. कधीच ओलांडला गेला नाही तर खूश होऊ नका, २५० दिवसांत एकदाही न ओलांडला जाण्याची शक्यता बरोबर पद्धतीतही सुमारे ८ टक्के असते, पण दोन वर्षं शून्यच असेल तर प्रश्न ११ मधला तो -५० टक्क्यांचा खोटा दिवस यादीत कुठे दडलाय का ते आधी शोधा.